सेल्समन सोडून गेला तर पार्ट्यांचे काय? करारात लिहायचे कलम

धामणकर नाक्यावरील ग्रे कापडाच्या व्यापाऱ्याला विचारा, दुकानाची खरी पुंजी कोणती? तो गोदामातले ताके दाखवणार नाही. बालोतरा, पाली आणि अहमदाबादच्या पार्ट्यांची वही दाखवील. कोणती पार्टी किती दिवसांनी पैसे देते, कोणाला किती उधारी द्यावी, कोण ताक्यातले डाग मोजतो आणि कोण न पाहता माल उतरवून घेतो, हे सारे त्या वहीत असते. आणि वहीपेक्षा अधिक सेल्समनच्या डोक्यात असते. म्हणून सेल्समनने दुकान सोडले आणि शंभर पावलांवर दुसऱ्या गाळ्यात बसला, की शेठची झोप उडते.

ही झोप टिकावी म्हणून अलीकडे आपल्याकडे करारनामे लिहून घेण्याची पद्धत पडली आहे. नाक्यावरच्या एका व्यापारी बंधूने नुकताच आम्हास असा एक कागद दाखवला. स्टॅम्प पेपरवर, टाईप केलेला, दोन साक्षीदारांच्या सह्यांसह. मुख्य शर्त अशी होती की नोकरी सोडल्यावर सेल्समन पाच वर्षे संपूर्ण ठाणे जिल्हा व मुंबईत कापडाचा कोणताही धंदा किंवा नोकरी करणार नाही, आणि केल्यास पाच लाख रुपये भरील. त्या बंधूंना कागदाचा मोठा आधार वाटत होता. आमचे मत त्यांना आवडले नाही, तरी येथे लिहितो: त्या कागदातील ही शर्त कोर्टात उभी राहणार नाही. आणि खरे संरक्षण ज्या चार ओळींनी मिळाले असते, त्या चार ओळी त्यात नव्हत्या.

कारण साधे आहे. आपला करार कायदा 1872 चा आहे. त्याचे कलम 27 सांगते की कोणालाही कायदेशीर पेशा, व्यापार किंवा धंदा करण्यापासून रोखणारा करार, जितका रोखतो तितका, रद्दबातल समजावा. धंद्याची साख विकली असेल तर विकणाऱ्यावर ठरावीक हद्दीत वाजवी बंधन घालता येते, एवढाच त्या कलमातला अपवाद. नोकराला तो लागू नाही. त्याने साख विकलेली नसते, मेहनत विकलेली असते.

या कलमावरचा एक जुना निकाल व्यापाऱ्यांनी लक्षात ठेवण्यासारखा आहे. कलकत्त्यात एकाच भागात दोन दुकानदार होते. चढाओढीने एकाचे नुकसान होऊ लागले, तेव्हा तो दुसऱ्याला म्हणाला, तू या भागातले दुकान बंद कर, कारागिरांना तू जी आगाऊ रक्कम देऊन बसला आहेस ती मी तुला भरून देतो. दुसऱ्याने दुकान बंद केले. पहिल्याने पैसे दिले नाहीत. प्रकरण कलकत्ता हायकोर्टात गेले. 1874 साली कोर्टाने सांगितले की करारच रद्द, सबब पैसेही मागता येणार नाहीत. बंधन फक्त एका मोहल्ल्यापुरते होते, तरीही. इंग्लंडमध्ये पुढे 1894 साली तेथील वरिष्ठ न्यायालयाने बंधन वाजवी असेल तर चालेल अशी कसोटी स्वीकारली. आपले काही वकील तीच इंग्रजी कसोटी येथे लावतात आणि व्यापाऱ्याला सांगतात की पाच वर्षांची दोन वर्षे करा, जिल्ह्याचे शहर करा, म्हणजे शर्त टिकेल. धंदाच करू नको, या शर्तीला हा उपाय लागू पडत नाही. मुदत कमी केली तरी ती धंदाबंदीच राहते.

सुप्रीम कोर्टापुढे 1980 साली नेमके असेच प्रकरण होते. मालाची तपासणी करणाऱ्या एका कंपनीने दिल्लीच्या अधिकाऱ्याकडून लिहून घेतले होते की सोडल्यावर दोन वर्षे, शेवटची नेमणूक जेथे असेल तेथे, असा धंदा करणार नाही. कंपनीने त्याला काढले आणि त्याने दिल्लीतच तोच धंदा सुरू केला. कंपनीला मनाईहुकूम मिळाला नाही. श्रीरामपूरचा जहीर खान सर्वांना माहीत आहे. त्याचे काम पाहणाऱ्या कंपनीने करार संपल्यावरही पहिला हक्क आपलाच राहील अशी शर्त घातली होती. 2006 साली सुप्रीम कोर्टाने तीही मानली नाही.

मग काहीच लिहू नये काय? असे नाही. येथे दोन गोष्टींतला फरक नीट ओळखावा लागतो, आणि आमच्या मते सारा प्रश्न याच फरकाचा आहे.

पहिली गोष्ट नोकरी चालू असतानाची. आपल्या शेजारी, कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचे प्रकरण यासाठी प्रसिद्ध आहे. टायर कॉर्ड यार्नच्या खात्यात एका शिफ्ट सुपरवायझरला मार्च 1963 पासून पाच वर्षांच्या करारावर घेतले होते. परदेशी कंपन्यांकडून पैसे मोजून आणलेले तंत्र त्याला शिकवले. तो 1964 च्या ऑक्टोबरात सोडून गेला आणि कोट्याच्या कंपनीत जास्त पगारावर तशाच कामाला लागला. कंपनीने दावा लावला. कोर्टाने मनाई केली, पण किती? फक्त टायर कॉर्ड यार्नच्या शिफ्ट सुपरवायझरच्या किंवा तशाच कामाची, आणि फक्त 15 मार्च 1968 पर्यंत, म्हणजे मूळ पाच वर्षे संपेपर्यंत. 1967 साली सुप्रीम कोर्टाने तो हुकूम कायम ठेवला. त्याला सुताच्या दुसऱ्या कोणत्याही कामाला बंदी नव्हती. कराराच्या मुदतीच्या आत घातलेले बंधन आणि मुदत संपल्यानंतरचे बंधन, यांत कोर्ट जमीन-अस्मानाचा फरक करते, हे यावरून ध्यानात यावे.

दुसरी गोष्ट नोकरी संपल्यानंतरची. तेथे धंदा करू नको असे म्हणता येत नाही. पण आमच्या दुकानाचा पगार घेऊन ज्या पार्ट्यांशी तुझी ओळख झाली, त्यांना काही काळ स्वतः होऊन फोडू नको, असे म्हणता येते. दिल्ली हायकोर्टाने 2009 साली एका मार्केटिंग मॅनेजरच्या प्रकरणात हाच मार्ग घेतला. तो प्रतिस्पर्धी कंपनीत लागला होता. नोकरीवरची बंदी कोर्टाने मानली नाही. मात्र जुन्या कंपनीच्या ग्राहकांकडे आणि पुरवठादारांकडे जाऊन धंदा मागण्यास मनाई केली. हा मार्गही दगडावरची रेघ नव्हे. त्याच हायकोर्टाने 2006 साली एका परदेशी बँकेला नकार दिला होता. बँकेची अधिकारी सोडून चालली होती, आणि बँकेचे म्हणणे होते की ग्राहकांची माहिती आमचे गुपित आहे. कोर्टाला ते पटले नाही. ग्राहकाने कोणत्या बँकेत जावे हे ग्राहकानेच ठरवायचे. म्हणून शर्त जितकी अरुंद, तितकी तिची उमेद जास्त. वाजवीपणाची कसोटी आपल्याकडे उपयोगी पडते ती येथे.

आता नाक्यावरचा हिशेब मांडू. समजा, एका दुकानाच्या सत्तर पार्ट्या आहेत. सेल्समन त्यांतल्या बावीस पार्ट्या पाहतो, सगळ्या बालोतरा आणि पालीच्या. तो सोडून जवळच्याच गाळ्यात बसला. दोन महिन्यांत सहा पार्ट्यांचे सौदे तिकडे वळले. शेठच्या दृष्टीने सहाही चोरीला गेल्या. पण बारकाईने पाहिले तर त्यांतल्या दोन पार्ट्या त्याने नोकरीला येताना स्वतःबरोबर आणल्या होत्या, एक त्याच्या सासरच्या नात्यातली. तिसऱ्या पार्टीने नाक्यावर चौकशी करून स्वतःच त्याला फोन केला, कारण तिला माणूस आवडत होता. उरल्या तीन. त्यांना मात्र याने जुन्या दुकानाचा भाव माहीत असल्यामुळे मीटरमागे पंचवीस पैसे कमी सांगून आणि पंधरा दिवस जास्त उधारी देऊन ओढले. वाजवी शर्त या तीन पार्ट्यांपुरतीच असू शकते. उरलेल्या तिघांना अडवू पाहणारी शर्त या तिघांनाही घेऊन बुडते.

यावरून शर्तीची व्याप्ती ठरते. सत्तर पार्ट्या लिहू नका. ज्या पार्ट्यांशी त्याने सोडण्यापूर्वीच्या बारा महिन्यांत स्वतः सौदा, माल किंवा वसुलीचे काम केले, तेवढ्याच लिहा. त्याने स्वतः आणलेल्या पार्ट्यांची यादी नोकरीच्या पहिल्या दिवशीच करून, दोघांच्या सह्या घेऊन, शर्तीच्या बाहेर ठेवा. पुष्कळ शेठ येथे कां कूं करतात. आमचे म्हणणे असे की ही यादी शेठच्याच कामाची आहे. पुढे तो बावीसही पार्ट्या माझ्याच होत्या असे सांगू लागला, तर हाच कागद पुढे ठेवता येतो.

मुदत ठरवताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा. नव्या सेल्समनला त्या पार्ट्यांशी बसून ओळख करून घ्यायला किती दिवस लागतील? आमच्या अनुभवात बालोतऱ्याची एक फेरी, मग पहिला माल, मग त्याचे पैसे साठ-नव्वद दिवसांनी, आणि दुसरी फेरी. एवढे झाले की पार्टी माणसाची न राहता दुकानाची होते. याला पाच-सहा महिने पुरतात. आम्ही सहा महिने लिहू. ज्याचा धंदा सीझनवर चालतो, त्याने फार तर एक सीझन धरून नऊ महिने लिहावेत, पण कारण सांगता आले पाहिजे. भावाचे म्हणाल तर सुताचा भाव हलला की जुना भाव शिळा होतो. त्याच्या नावावर दोन वर्षे कोणाचे तोंड बांधता येत नाही.

हद्दीबाबत आपल्या लोकांची सर्वात जास्त गफलत होते. ठाणे जिल्हा, महाराष्ट्र, संपूर्ण भारत, असे शब्द लिहिले की कागद भारदस्त वाटतो. पण ग्रे कापडाचा ग्राहक भिवंडीत नाही आणि सेल्समनचे घर भिवंडीत आहे. जिल्ह्याची हद्द घातली तर त्याच्या रोजीरोटीवर घाव, आणि बालोतऱ्याची पार्टी मात्र मोकळी! त्याने कल्याण रोडला बसावे, अंजूर फाट्याला बसावे, अगदी समोरच्या गाळ्यात बसावे. त्यात अडचण नसावी. पार्ट्यांची यादी हीच हद्द. पार्टीचे नाव आणि तिचे गाव लिहिले, की दुसरा नकाशा लागत नाही.

राहिला शब्द, फोडणे म्हणजे काय. पार्टीने स्वतः फोन केला तर त्याने उत्तर देणे हे फोडणे नव्हे. नव्या गाळ्यावर बोर्ड लावणे, सगळ्या बाजारासाठी जाहिरात देणे हेही नव्हे. मात्र जाहिरातीच्या आडूनही निशाणा साधता येतो. 2006 साली दिल्ली हायकोर्टापुढे दोन कंपन्यांचे प्रकरण होते. एकमेकींची माणसे ओढायची नाहीत असा त्यांचा करार होता, आणि एकीने वृत्तपत्रात अशी जाहिरात दिली की ती दुसरीच्या माणसांनाच लागू पडावी. कोर्टाने तीही ओढण्यातच धरली; पण मनाईहुकूम न देता भरपाईचा मार्ग मोकळा ठेवला. आपल्या धंद्यात याचे रूप वॉट्सॲपवरचे. त्याने नवे भाव सगळ्या बाजाराच्या ग्रुपवर टाकले तर बोलता येणार नाही. तेच भाव निवडून त्या बावीस पार्ट्यांनाच पाठवले, तर तो निशाणा आहे.

हे सगळे एका कलमात असे लिहिता येईल: “नोकरी संपल्यापासून सहा महिन्यांपर्यंत, सोबतच्या यादीतील ज्या पार्ट्यांशी मी शेवटच्या बारा महिन्यांत स्वतः काम केले आहे, त्यांच्याशी मी स्वतः होऊन संपर्क साधून, त्यांनी या दुकानातून घेत असलेला ग्रे कापडाचा माल दुसरीकडून घ्यावा असे सांगणार नाही. पार्टीने स्वतः विचारणा केल्यास, अथवा सर्वसाधारण जाहिरात केल्यास, हा भंग समजू नये. मी स्वतः आणलेल्या, वेगळ्या यादीतील पार्ट्यांना हे लागू नाही. मला कोठेही, कोणत्याही दुकानात कापडाचा धंदा किंवा नोकरी करण्याची मोकळीक आहे.” शेवटचे वाक्य वाचून आमच्या एका मित्राने कपाळाला हात लावला. पण कोर्टात हेच वाक्य शर्तीची ढाल आहे. कलम 27 ज्या गोष्टीला मना करते, ती आपण केलेलीच नाही, असे ते सांगते. भाव, उधारीचे दिवस आणि पार्टीची येणे-बाकी दुसऱ्याला न सांगण्याची शर्त वेगळ्या ओळीत लिहावी. एक गेली तरी दुसरी राहावी. आणि कागद त्याला वाचता येईल अशा भाषेत असावा. आमचे स्वतःचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. इंग्रजी करारनाम्याच्या खाली सही करताना माणूस काय सही करतो हे आम्हास ठाऊक आहे.

पाच लाखांचा आकडाही तपासून घ्यावा. कलम 74 प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा असते; कोर्ट तिच्या आत वाजवी भरपाई देते. वरच्या उदाहरणात त्या तीन पार्ट्या मिळून महिन्याला चाळीस हजार मीटर उचलत होत्या आणि सर्व खर्च वजा जाता मीटरमागे साठ पैसे सुटत होते असे धरा. महिन्याचे चोवीस हजार, सहा महिन्यांचे एक लाख चव्वेचाळीस हजार. तेवढा माल शेठने दुसऱ्या पार्टीला विकला असेल तर त्याहूनही कमी. करारात असा हिशेबाचा मार्गच लिहावा: मागच्या बारा महिन्यांच्या बिलांवरून सरासरी नफा. जुनी बिले घरचीच असतात, ती पुरावा म्हणून पुढे ठेवता येतात. पाच लाख कशावरून काढले, हे मात्र तो स्टॅम्प पेपर करून घेणाऱ्यालाही सांगता आले नाही.

एक सावधगिरी फार महत्त्वाची. हे कलम सेल्समन, दलालीवर न राहता पगारावर असलेला माणूस आणि जॉबवर्कचे माग सांभाळणारा सुपरवायझर यांच्यासाठी आहे. विणकर, कांडीवाला, जोडणीवाला यांच्या कागदात ते घालू नका. त्यांच्या हाती पार्टी नसते, हुनर असते, आणि हुनर त्यांचे स्वतःचे आहे. त्यातही पेशगी दिली म्हणून दुसऱ्या कारखान्यात जाऊ नको असे बांधून ठेवणे हा साधा करारभंगाचा प्रश्न राहत नाही. वेठबिगारी बंद करणारा 1976 चा कायदा उचलीच्या बदल्यात माणसाचे काम बदलण्याचे स्वातंत्र्य काढून घेण्यालाच वेठबिगारी म्हणतो, आणि त्याला तुरुंगाची शिक्षा आहे. मागमालकाचेही तसेच. सुपरवायझरने त्याचे माग तुमच्याकडून तोडून दुसरीकडे वळवू नयेत इतके लिहिता येते. मागमालकाने कोणाचे सूत विणावे हे मागमालक ठरवील.

भंग झालाच तर कसे ओळखावे? अफवेवर जाऊ नये. नाक्यावरच्या चहाच्या टपरीवर रोज कोणी ना कोणी कोणाची पार्टी पळवत असतो. पार्टीच्या खरेदीत कोणत्या तारखेपासून खंड पडला ते वहीत पहा. ती तारीख सेल्समनच्या जाण्याला लागून असेल आणि पार्टीने तुमच्या मागच्या भावाला अगदी पंचवीस पैशांनी कापणारा भाव सांगितला, तर शंकेला जागा आहे. मग पार्टीलाच सरळ विचारा. जुनी पार्टी बहुधा खरे सांगते, आणि त्याने पाठवलेला संदेशही दाखवते. संदेश हाती आला की त्याच आठवड्यात वकिलाची नोटीस आणि तात्पुरत्या मनाईचा अर्ज. सहा महिन्यांच्या शर्तीवर चार महिने विचार करत बसलात, तर कोर्ट विचारील, एवढे नुकसान होत होते तर इतके दिवस कोठे होता?

आणि तो जाईल त्या दिवशी दोन कामे करावीत. बावीसही पार्ट्यांना पत्र जावे की यापुढे सौदा आणि वसुली अमुक माणूस पाहील, जुन्या माणसाच्या हाती पैसे देऊ नयेत. त्यात त्याच्याविरुद्ध एक शब्दही नसावा. दुसरे, त्याचा पगार आणि कमिशन त्याच दिवशी चुकते करून पावती घ्यावी. वसुली अडकली आहे या नावाने कमिशन दाबून ठेवायचे आणि त्याच माणसावर शर्त मोडल्याची नोटीस काढायची, हे आपल्या बाजारात सर्रास चालते. समोरचा वकील पहिला प्रश्न त्या थकलेल्या कमिशनचाच विचारतो.